स्क्रीनसाठी चष्मा: आधी अंतर मोजा, मग ब्रँड बघा

चष्म्याच्या दुकानात हल्ली एक प्रयोग हमखास दाखवतात. विक्रेता निळसर-जांभळ्या लेझरचं पेन काढतो आणि साध्या काचेतून त्याचा ठिपका एका कार्डावर पाडतो. मग मध्ये ‘ब्लू-कट’ काच धरली की ठिपका गायब होतो. गिऱ्हाईक चकित होतं आणि हजार-दीड हजार जास्त द्यायला तयार होतं. त्या पेनचा प्रकाश बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळ्याच्या टोकाचा असतो आणि ब्लू-कट काच तो खरोखरच अडवते. पण लॅपटॉपच्या एलईडी पडद्याचा निळा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. तिथे हीच काच त्याचा थोडासाच भाग अडवते. प्रयोगात फसवाफसवी नाही, पण तो तुमच्या स्क्रीनबद्दल काहीच सांगत नाही.

मुळात स्क्रीनपुढे डोळे थकतात ते निळ्या प्रकाशामुळे, याला आधार सापडलेला नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. अशा काचांनी डोळ्यांचा थकवा निदान थोड्या काळात तरी कमी होत नसावा, असा त्याचा निष्कर्ष निघाला. ब्रिटनमध्ये बूट्स ऑप्टिशियन्स या मोठ्या साखळीला ब्लू-लाइट काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१७ मध्ये ४०,००० पौंडांचा दंड झाला. थकव्याची खरी कारणं बहुतेकदा दोन असतात. एक म्हणजे स्क्रीनकडे टक लावून पाहताना पापण्या नेहमीपेक्षा खूपच कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. यावर कुठलीही काच उपाय नाही. दुसरं, काचेतला नंबर स्क्रीनच्या अंतरासाठी दिलेलाच नसतो. चष्म्यावरचे पैसे सार्थकी लावायचे तर ते या दुसऱ्या कारणावर खर्च करावेत.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या एक बाई हिशेबाच्या कामावर आहेत आणि दिवसभर त्यांच्यासमोर मॉनिटर असतो. त्यांचा लांबचा नंबर +०.७५, त्यावर वाचनासाठीची वाढ +२.००, म्हणजे जवळचा नंबर +२.७५. हा जवळचा नंबर ४० सेंटिमीटरवर धरलेल्या कागदासाठी तपासलेला असतो. त्यांचा मॉनिटर मात्र ६५ सेंटिमीटरवर आहे. कागदासाठी डोळ्याला एकूण अडीच डायॉप्टर लागतात, मॉनिटरसाठी दीड. एक डायॉप्टरचा हा फरक वाढीतून वजा केला की स्क्रीनसाठी त्यांना सुमारे +१.७५ लागतो. लांबचा नंबर लावून अक्षर वाचायला त्यांचे डोळे ताणले जातात, आणि जवळचा लावला तर त्यांना पुढे वाकावं लागतं.

प्रोग्रेसिव्ह काचेत हे तिन्ही नंबर असतात. वर लांबचा, खाली वाचनाचा आणि मध्ये एका अरुंद पट्ट्यात स्क्रीनचा. अडचण अशी की हा पट्टा सरळ नजरेच्या खाली येतो. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीवर असेल तर बाई हनुवटी वर करून बघणार, आणि संध्याकाळी मान धरणार. मॉनिटर खाली घेऊन थोडा फरक पडतो. पण दिवसाचे सात-आठ तास स्क्रीनपुढेच जात असतील, तर त्यांनी ऑफिस लेन्सची वेगळी जोडी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. झाइसची ऑफिसलेन्स किंवा होयाची वर्कस्टाइल या त्याच जातीच्या काचा. त्यात सरळ नजरेसमोर स्क्रीनच्या अंतराचा रुंद भाग येतो आणि खाली कागदाचा. मात्र लांबचं धूसर दिसतं, म्हणून ती घालून गाडी चालवायची नाही. हे सगळं जमायचं तर डोळे तपासायला जाताना मॉनिटर किती लांब आणि किती उंचीवर आहे, हे टेपने मोजून न्यायचं. चाळिशी न लागलेल्यांना एवढा खटाटोप लागत नाही. त्यांना बरोबर नंबरची साधी काच पुरते. फक्त पाव-अर्ध्याचा सिलिंडर नंबर असला, तर तो ‘किरकोळ’ म्हणून सोडून देऊ नये.

फ्रेम निवडताना हेच लक्षात ठेवायचं, कारण काचेतला तो पट्टा डोळ्यासमोर धरून ठेवायचं काम फ्रेमचं असतं. काडीच्या आतल्या बाजूला ५४-१८-१४० असे आकडे असतात. काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोघांची बेरीज ७२. तुमच्या बुबुळांमधलं अंतर ६२ असेल, तर दोन्ही काचांचा मध्य पाच-पाच मिलिमीटर आत सरकवावा लागेल, आणि उणे नंबर मोठा असला तर बाहेरची कड जाड दिसेल. ४६-१८ ची फ्रेम त्याच चेहऱ्याला सहज बसते. प्रोग्रेसिव्हसाठी काचेची उंचीही हवी. अठ्ठावीस-तीस मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. नाक बसकं असेल तर वाकवता येणाऱ्या पॅडची फ्रेम घ्यावी. घामाने चष्मा तीन-चार मिलिमीटर घसरला तरी स्क्रीनचा पट्टा तेवढाच खाली जातो.

कोटिंगमध्ये मी आग्रह धरीन तो फक्त चांगल्या अँटी-ग्लेअरचा. कोटिंग नसलेली साधी प्लास्टिकची काच सुमारे आठ टक्के प्रकाश परत फेकते, पातळ, १.६७ इंडेक्सची काच बारा टक्क्यांपर्यंत. पाठीमागची खिडकी आणि डोक्यावरची ट्यूबलाइट काचेत दिसते ती याच प्रकाशामुळे. काच ट्यूबखाली तिरकी धरून बघा. प्रतिबिंब पांढरं लख्ख असेल तर कोटिंग नाही. फिकट हिरवं किंवा जांभळट असेल तर आहे. हे कोटिंग उष्णतेला नाजूक असतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा राहिला की खालचं प्लास्टिक जास्त फुगतं, वरचा थर तेवढा ताणला जात नाही, आणि काचेवर बारीक जाळी पडते. ती पुसून जात नाही, काचच बदलावी लागते.

आता ब्रँड. फ्रेमवरचं नाव काचेबद्दल काहीच सांगत नाही. रे-बॅन आणि ओकलेच्या फ्रेम व एसिलॉरच्या काचा, हे सगळं एसिलॉर-लक्झोटिका या एकाच कंपनीचं आहे. ‘झाइस चांगली की क्रिझल’ हा प्रश्नही नीट नाही, कारण क्रिझल हे एसिलॉरच्या कोटिंगचं नाव आहे, आणि प्रत्येक कंपनीकडे स्वस्त ते महाग अशा अनेक पायऱ्या असतात. टायटन आय प्लस असो, लेन्सकार्ट असो की गल्लीतला ओळखीचा चष्मेवाला, तिघांकडूनही चार गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात: काचेचा इंडेक्स, डिझाइनचं पूर्ण नाव, कोटिंगचं पूर्ण नाव आणि कोटिंगची हमी किती वर्षांची. त्या जुळल्या तरच किमतींची तुलना होते. पायरी सारखी असेल तर मोठ्या कंपन्यांतला फरक बहुतेकांना जाणवण्याइतका नसतो.

जाणवतो तो माप घेण्यातला फरक. चांगला माणूस आधी फ्रेम तुमच्या नाकाकानावर नीट बसवतो, मग समोर, तुमच्या डोळ्यांच्या उंचीला बसून नमुन्याच्या काचेवर दोन्ही बुबुळांसमोर पेनने ठिपके काढतो. प्रत्येक डोळ्याचं नाकापासूनचं अंतर वेगवेगळं मोजतो. ही मापं न घेता कुणी प्रोग्रेसिव्ह विकत असेल तर ती घेऊ नका. चष्मा हातात आला की काचेवर हलकी वाफ सोडा. प्रोग्रेसिव्ह काचेवर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कोरीव खुणा दिसतात, त्यांच्या खाली वाढीचा आकडा आणि कंपनीची खूण. बिलावरची काच तीच का, ते इथे कळतं. नव्या काचेची सवय व्हायला दोन आठवडे द्यावेत. त्यानंतरही हनुवटी उचलल्याशिवाय स्क्रीन स्पष्ट दिसत नसेल, तर कंपनीला दोष देण्याआधी चष्मा घालून दुकानात जा आणि त्या ठिपक्यांची उंची पुन्हा तपासायला सांगा.