तिरक्या उड्यांचा हिशेब

'क्वेक ३ अरीना' (१९९९) या नेमबाजीच्या खेळात पुढे जायची कळ दाबून धरली, की खेळाडू सेकंदाला ३२० एकक या वेगाने पळतो. तरीही कसलेला खेळाडू त्याच मैदानात सहाशेच्या पुढे जातो आणि त्यासाठी कसलीही लबाडी करत नाही.

खेळ दर फ्रेमला खेळाडूच्या वेगात थोडी भर घालतो. त्याआधी तो एवढंच बघतो, की कळांनी मागितलेल्या दिशेला वेग ३२० झालाय का. एकूण वेग किती आहे, हे तो विचारतच नाही. समजा, तुम्ही सरळ ४०० ने चाललाय आणि मागितलेली दिशा त्या रेषेपासून ३७ अंशांहून किंचित जास्त कललेली आहे. त्या दिशेवर तुमच्या वेगाची सावली पडते जेमतेम ३१७ ची. खेळाला वाटतं, अजून जागा आहे, आणि तो अडीच एककांचा धक्का देतो. त्यातले दोन एकक तुमच्या खऱ्या वेगात जमा होतात. सेकंदाला अशा १२५ फ्रेम असतात.

म्हणून पुढची आणि उजवीकडची कळ एकत्र दाबायची, उडी मारायची आणि हवेत असेपर्यंत माउस हळूहळू उजवीकडे वळवायचा. पुढच्या उडीला हेच सगळं डावीकडे. वेग वाढेल तसा हा कोनही वाढत जातो. कोन कमी पडला तर भर मिळत नाही, फार झाला तर ती वाया जाते. पट्टीचा हात असेल तर हिशेबाने पहिल्याच उडीत वेग ३२० वरून ४९० च्या आसपास जातो, दुसरीत ६१० च्या. जमीन मात्र घर्षणाने वेग खाते. म्हणून उडीची कळ एकदा सोडून, पाय टेकायच्या आत पुन्हा दाबलेली असावी लागते. जरा उशीर झाला, की कमाई गळायला लागते आणि ते हाताला लगेच जाणवतं.

रॉकेटची उडी याहून सोपी. खाली बघायचं, उडी मारायची आणि त्याच क्षणी पायाशी रॉकेट सोडायचं. साध्या उडीचा वर जाण्याचा वेग २७०. स्फोट त्यात पाचशेपर्यंत भर घालतो. उंची वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ४५ एककांची उडी साडेतीनशेच्या पुढे जाते. स्फोट उडीच्या आधी झाला तर हे २७० हातचे जातात. चिलखत नसेल तर शंभरातला निम्मा जीवही त्यात खर्ची पडतो. स्वतःच्या स्फोटाची इजा खेळ अर्धी धरतो, धक्का मात्र पूर्ण देतो. माझ्या मते ही सगळी गंमत या एका सवलतीवर उभी आहे.

पुढे २००५ मध्ये या खेळाचा कोड खुला झाला. त्यात तिरक्या उडीची पळवाट बंद करणारा तुकडा लिहून ठेवलेला सापडतो, पण तो चालू केलेला नाही. शेजारी प्रोग्रामरचा शेरा आहे: पद्धत हीच योग्य, पण खेळताना वाईट वाटते.