तिरक्या चौकोनात लपलेलं फिरणं

पत्त्यांचा कॅट टेबलावर सरळ उभा रचा आणि वरचे पत्ते हलकेच उजवीकडे सरकवा. कडेनं पाहिलं तर चौकोनाचा तिरका समांतरभुज झालेला दिसतो. गणितात ही हालचाल चार आकड्यांच्या मॅट्रिक्सनं लिहितात:

A = [1 1; 0 1]

अर्धविरामाआधी वरची ओळ, नंतर खालची. ही मॅट्रिक्स (1, 0) या बिंदूला जागचं हलवत नाही आणि (0, 1) ला (1, 1) वर नेऊन ठेवते. चौकोनाची खालची बाजू जिथल्या तिथे राहते. तरीही या हालचालीत 26.57 अंशांचं फिरणं दडलेलं आहे, असं सांगितलं तर?

ते शोधायला सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशन, म्हणजे एसव्हीडी, कामाला येतं. कुठलीही मॅट्रिक्स ते A = U Σ Vᵀ अशी तीन तुकड्यांत मांडतं. ज्या दिशांना ताण पडणार आहे त्या Vᵀ फिरवून अक्षांवर आणतो, Σ अक्षांच्या दिशेनं ताणतो किंवा दाबतो आणि U पुन्हा फिरवतो. Σ मधले आकडे कधीच ऋण नसतात. आपल्या उदाहरणात ते 1.618 आणि 0.618 येतात, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर आणि त्याचा व्यस्त. दोघांचा गुणाकार 1, कारण पत्ते सरकले तरी कडेचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं.

पण इथे फिरणं दोनदा आलं. आपल्याला एकच फिरणं आणि एकच ताण हवा आहे. युक्ती साधी आहे: U आणि Σ यांच्या मध्ये VᵀV घुसवायचं. Vᵀ हा V नं केलेलं सगळं उलटवतो, त्यामुळे या जोडीनं काहीच बदलत नाही. मग कंस लावले की झालं:

A = (U Vᵀ)(V Σ Vᵀ) = R S

R म्हणजे निव्वळ फिरणं, S म्हणजे निव्वळ ताण. गुणाकार उजवीकडून वाचायचा, म्हणजे आधी ताण आणि मग फिरणं. संगणकावर हे तीन ओळींत होतं:

```
U, s, Vt = np.linalg.svd(A)
R = U @ Vt
S = Vt.T @ np.diag(s) @ Vt
```

आता चौकोनाच्या खालच्या बाजूकडे पाहू. S नं (1, 0) ला (0.894, 0.447) वर नेलं. लांबी अजून 1 च आहे, पण बाजू 26.57 अंश वर उचलली गेली. मग R नं तेवढेच अंश घड्याळाच्या दिशेनं फिरवून तिला मूळ जागी आणलं. (0, 1) हा बिंदू ताणानं आधी (0.447, 1.342) वर गेला आणि फिरल्यावर (1, 1) वर. हललीच नाही असं वाटणारी बाजू प्रत्यक्षात जाऊन परत आली होती.

याचा उपयोग चलचित्रात होतो. एखादी आकृती एका स्थितीतून दुसरीत हळूहळू न्यायची तर दोन मॅट्रिक्सची सरासरी काढावी, असं सहज मनात येतं. पण आकृती 180 अंश फिरवायची असेल, तर मधल्या क्षणी सरासरी शून्य येते आणि आख्खी आकृती एका ठिपक्यात मावते! 1992 मध्ये केन शूमेक आणि टॉम डफ यांनी R आणि S वेगळे करण्याचा मार्ग मांडला. कोन कोनासारखा बदलायचा, ताण ताणासारखा. आकृती वाटेत आक्रसत नाही.

एक खोड मात्र लक्षात ठेवावी लागते. U Vᵀ हे दर वेळी खरं फिरणं असेलच असं नाही, कधी त्यात आरसाही येतो. ओळखायची खूण म्हणजे R चा डिटरमिनंट. तो 1 आला तर ठीक, -1 आला तर प्रतिमा उलटली. प्रथिनाचे दोन आराखडे एकमेकांवर बसवताना हे फार महाग पडतं. तिथे दोन्हींतल्या अणूंच्या जागांवरून एक मॅट्रिक्स तयार करतात आणि तिचा फिरण्याचा भाग हेच सर्वांत चांगलं जुळवणारं वळण ठरतं. वोल्फगांग काब्श यांनी 1976 मध्ये मांडलेली पद्धत याच प्रश्नाची. पण मध्ये आरसा आला, तर डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात चढवल्यासारखं होतं: आकडे छान जुळतात, पण तसा रेणू अस्तित्वातच नसतो. उपाय असा, की सर्वांत लहान सिंग्युलर व्हॅल्यूच्या वाट्याच्या U मधल्या स्तंभाचं चिन्ह बदलायचं आणि R पुन्हा काढायचा. जुळणी थोडी सैल होते, पण फिरणं खरं राहतं.

सगळे बिंदू एकाच सरळ रेषेत असतील, तर मात्र हाही उपाय चालत नाही. त्या रेषेभोवती कितीही अंश फिरवलं तरी बिंदू तिथेच राहतात, म्हणून तीनपैकी दोन सिंग्युलर व्हॅल्यू शून्य येतात. संगणक तरीही एक R मुकाट्यानं हातात देतो. म्हणून R वापरण्याआधी s मधले आकडे पाहून घ्यावेत: दोन आकडे शून्याच्या जवळ असतील, तर तो R अनेक शक्यतांपैकी कुठलाही एक आहे.