गिअर टाकताना पंजा उचलेना

वारज्यात राहणारा, कोथरूड, कर्वेनगर, बावधन या भागात घरोघरी सामान पोचवणारा एक रायडर. वय ३४, घरी बायको, पहिलीत जाणारी मुलगी आणि गाडीचा हप्ता. हा कुणी एक खरा माणूस नाही, गोष्टीपुरता उभा केलेला आहे. पण त्याच्या कमरेला जे झालं, ते घेऊन हाडांच्या ओपीडीत येणारे दुचाकीवाले अगदी खरे आहेत.

सुरुवात पावसाळ्यात झाली. खड्ड्यात गाडी आदळली आणि कमरेत उसण भरली. दोन दिवस वाकता येईना. मेडिकलवाल्यानं दुखण्याची गोळी दिली, बायकोनं तेल चोळून शेक दिला, चौथ्या दिवशी तो पुन्हा गाडीवर होता. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरते आणि तिच्यासाठी एक्स-रेसुद्धा लागत नाही.

चूक पुढे झाली. दुखणं पूर्ण गेलं नाही आणि गोळी रोजची झाली. त्याला गोळ्यांची हौस नव्हती. एक दिवस लॉगिन केलं नाही की त्या दिवसाचे पैसे जातात, शिवाय आठवड्याचा इन्सेन्टिव्हही हातचा जातो. डॉक्टरकडे गेलो तर ते एमआरआय सांगणार, मग ऑपरेशन सांगणार, निदान महिनाभर झोपून राहायला तरी सांगणारच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. महिनाभर झोपायचं तर हप्ता कोण भरणार? मग सकाळी एक गोळी, दुपारी एक, कमरेला पट्टा आणि पाठीवर सॅक, असे सहा महिने गेले.

या सहा महिन्यांत कमरेच्या आत काय चाललं होतं ते पाहू. दोन मणक्यांच्या मधे एक गादी असते. बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत जेलीसारखा मऊ गर अशी तिची रचना. आपण पाठीला पोक काढून बसलो की गादीची पुढची बाजू दबते आणि मागची ताणली जाते. रायडर तासन् तास तसाच बसतो. वर पाठीवरच्या बॅगेचं वजन आणि खालून प्रत्येक खड्ड्याचा, स्पीडब्रेकरचा दणका. चालताना किंवा उभं असताना पाय थोडे वाकून धक्का पचवतात. सीटवर बसलेल्याचा धक्का मात्र थेट कण्यात जातो. त्यातून सर्वांत वाईट क्षण येतो तो गाडी थांबल्यावर. बराच वेळ वाकून बसल्यानं कण्याचे बंध सैलावलेले असतात आणि नेमकं तेव्हाच तो उतरून, कमरेत वाकून, पाण्याच्या बाटल्यांचा खोका उचलतो. असं रोज झालं की तंतूंची कडी मागच्या बाजूला हळूहळू चिरत जातात. घासलेल्या टायरला फुगा यावा तसा आतला गर त्या कमकुवत जागेतून मागे सरकतो. पायाकडे जाणाऱ्या नसा तिथूनच निघतात.

डिसेंबरच्या सुमारास त्याला वाटलं, आता बरं वाटतंय. कमर पूर्वीइतकी दुखत नव्हती. त्याऐवजी डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं एक कळ जायची. शिंक आली की ती विजेसारखी पायात उतरायची. पायाला मुंग्या यायच्या, त्या गाडीवर बसून येतात असं त्यानं ठरवून टाकलं. या गोष्टीत मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते इथे, कारण इथे पुष्कळ लोक फसतात. कमर कमी दुखते आणि पाय जास्त दुखतो, म्हणजे दुखणं उतरणीला लागलं असं नसतं. गादीचा फुगा आता नसेला भिडलाय, असा त्याचा अर्थ असण्याची शक्यता दाट असते. सायटिका म्हणतात ती हीच. बरं होताना क्रम उलटा असतो: कळ आधी पोटरीतून जाते, मग मांडीतून, आणि कमरेत ती थोडे दिवस रेंगाळते.

मग गिअरचा प्रकार सुरू झाला. त्याच्या गाडीला पहिला गिअर खाली दाबायचा आणि पुढचे सगळे डाव्या पंजानं वर उचलायचे. दुसरा पडायचा, तिसरा टाकताना पाय लिव्हरखाली जायचा पण उचलायला जोर पुरेना. त्यानं गॅरेजमध्ये क्लच बघायला सांगितलं. मेकॅनिकनं चक्कर मारून गाडी परत दिली, गिअरमध्ये काही दोष नव्हता.

रात्री तो घरात चालत असताना बायको म्हणाली, “अहो, डावी चप्पल घासून का चालताय? मघापासून फट् फट् आवाज येतोय.”

त्यानं दिव्याखाली बसून दोन्ही पाय पुढे सोडले आणि दोन्ही अंगठे वर उचलून पाहिले. उजवा ताठ उभा राहिला. डावा अर्ध्यावर थांबला. दुखणं सोसता येतं हे त्याला माहीत होतं, पण हे दुखणं नव्हतं. गोळी घेऊन अंगठा उचलणार नव्हता. “उद्या लॉगिन नाही करत,” तो म्हणाला. “सरकारी दवाखान्यात जाऊन येतो.”

सकाळी केस पेपर काढून तो रांगेत बसला. आत गेल्यावर डॉक्टरांनी कमरेला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. लघवी नीट होते का, अडकते का? संडासवर ताबा आहे ना? गाडीच्या सीटला टेकतो त्या भागात, जांघेत, बधिरपणा आहे का? दोन्ही पाय गळतात का? ताप, वजन कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं? घरात कुणाला टीबी? पहिले चार प्रश्न कण्याच्या शेवटी असलेला नसांचा सगळा जुडगाच दाबला गेलाय का, हे पाहण्यासाठी असतात. तसं असेल तर थांबायचं नसतं, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जायचं असतं, कारण उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. शेवटचे प्रश्न मणक्याचा टीबी किंवा गाठ यांसाठी. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही आणि अंगदुखीच्या गोळ्यांखाली तो महिनोन् महिने लपून राहू शकतो. या सगळ्यांची त्याची उत्तरं ‘नाही’ अशी आली.

मग तपासणी. डॉक्टरांनी त्याला उताणं झोपवून डावा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर नेला. साधारण ४० अंशांवर पोटरीपर्यंत कळ गेली. पाय असा उचलला की नस ताणली जाते, आणि ती आधीच दाबलेली असेल तर लगेच ओरडते. मांडीच्या मागे नुसतं ओढल्यासारखं होणं वेगळं, ते निरोगी माणसालाही होतं. पुढे त्याला चवड्यांवर चालायला सांगितलं, ते जमलं. टाचांवर चालायला सांगितलं, तेव्हा डावा पंजा खाली पडत होता. अंगठ्यावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, “माझ्या बोटाविरुद्ध जोर लावा.” डावा अंगठा सहज दाबला गेला. पावलाच्या वरच्या भागावर कापूस फिरवला तर तिथे स्पर्श बोथट होता. घोट्यामागे हातोडीनं ठोकल्यावर मात्र पाऊल दोन्हीकडे सारखं उडलं.

एवढ्यावरून डॉक्टरांना जागा कळली. अंगठा उचलणारी आणि पावलाच्या वरच्या भागाची संवेदना नेणारी नस कमरेच्या पाचव्या मणक्याची. ती बहुधा चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीनं दाबली जाते. चवड्यांवर चालणं आणि घोट्याचा झटका तिच्या खालच्या नसेकडे असतो, आणि ती शाबूत होती. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत, कुठल्याही मशीनशिवाय कळलं.

एमआरआय त्यांनी सांगितला, पण त्याचं कारण दुखणं नव्हतं. नुसतं दुखत असतं तर सहा आठवडे औषध आणि व्यायाम करून पाहिले असते. पायाची ताकद कमी झाली होती म्हणून फोटो हवा होता. रिपोर्टमध्ये तीन गाद्या खराब लिहून आल्या आणि रायडरचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी एकीवर बोट ठेवलं: चौथ्या-पाचव्यामधली, डावीकडे आलेली. बाकीच्या दोन त्यांनी बाजूला ठेवल्या. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे फोटो काढले तर विशीतल्यांमध्येसुद्धा सुमारे ३० टक्क्यांना फुगलेली गादी दिसते, हे २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलं गेलं. म्हणून आधी हातानं केलेली तपासणी आणि मग रिपोर्ट, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नुसता रिपोर्ट घेऊन फिरणारा माणूस तीन गाद्यांची धास्ती घेतो आणि कधीकधी नको ते ऑपरेशन करून बसतो.

त्याला ज्याची भीती होती त्यातलं बरंचसं झालं नाही. झोपून राहायला सांगितलं नाही, उलट रोज सपाट रस्त्यावर थोडं थोडं चालायला सांगितलं, कारण अंथरुणाला खिळल्यानं स्नायू आणखी ढिले पडतात. ऑपरेशनही लगेच नाही. बाहेर आलेला गर शरीर बरेचदा हळूहळू शोषून घेतं आणि सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांना उतार पडतो. अट एकच, दर दोन आठवड्यांनी अंगठ्याची ताकद तपासायची. ती घटत गेली तर मात्र ऑपरेशन लांबवायचं नाही.

डॉक्टर चिडले ते गोळ्यांवर. सहा महिने रोज घेतलेल्या त्या गोळ्या पोटात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात आणि किडनीवर ताण आणतात. वाटेत लघवीला जागा मिळत नाही म्हणून रायडर दिवसभर पाणी टाळतो, आणि तहानलेल्या शरीरात याच गोळ्या किडनीला जास्त घातक ठरतात. रक्त तपासून घेतलं. किडनी ठीक निघाली, पोटात मात्र जळजळ होतीच.

फिजिओथेरपिस्टनं त्याला पोटावर झोपून कोपरांवर छाती उचलायचा व्यायाम शिकवला. तो करताना पायातली कळ वर सरकत कमरेकडे आली तर चालू ठेवायचं, खाली उतरली तर लगेच थांबवायचं.

तीन आठवडे तो घरी होता आणि त्या दिवसांचे पैसे त्याला कुणी दिले नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांना ई-श्रम पोर्टलवर नोंदवून पीएम-जय योजनेत घेण्याची घोषणा झाली. पण ती योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. ओपीडीतली तपासणी, फिजिओथेरपी आणि बुडालेला रोज तिच्यात येत नाही. माणूस तपासणी पुढे ढकलतो तो मुख्यतः या बुडालेल्या रोजामुळे, आणि तिथेच त्याला आधार नाही.

चौथ्या आठवड्यात तो मेव्हण्याची बिनगिअरची स्कूटर घेऊन अर्ध्या वेळेसाठी परतला. सॅक पाठीवरून उतरवून त्यानं सीटमागे पेटी बसवून घेतली. ठिकाणावर पोचल्यावर तो लगेच सामान उचलत नाही. आधी मिनिट-दोन मिनिटं सरळ उभा राहतो, चार पावलं चालतो, मग गुडघ्यात बसून खोका अंगाशी धरून उठतो. दहाव्या आठवड्याला टाचांवर चालता आलं आणि अंगठा डॉक्टरांच्या बोटाला दाद देईना. पावलावरचा बधिर पट्टा अजून आहे. संवेदना बहुधा ताकदीनंतर येते, कधी कधी पूर्ण येतही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची आहे, आणि तोपर्यंत स्वतःची गिअरची गाडी चालवायला त्याला मोकळीक आहे.