थेंबांची कॉफी

व्हिएतनामच्या कुठल्याही शहरात फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून कॉफी मागितली, की बहुतेक वेळा तयार कॉफी समोर येत नाही. येतो एक काचेचा ग्लास, त्याच्या तळाशी बोटभर पांढरंशुभ्र कंडेन्स्ड मिल्क आणि ग्लासच्या तोंडावर बसवलेलं पत्र्याचं एक छोटं भांडं. त्यातून काळीभोर कॉफी थेंब थेंब गळत असते. ती गळून संपेपर्यंत गिऱ्हाईकानं बसून राहायचं. या भांड्याला तिथे फिन म्हणतात.

कॉफीचं झाड व्हिएतनाममध्ये आणलं फ्रेंच मिशनऱ्यांनी, १८५७च्या सुमारास. पुढे मधल्या डोंगराळ पठारावर, बुओन मा थुओतच्या आसपास, तिचे मोठे मळे झाले. आज हा देश कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलच्या खालोखाल आहे, आणि त्यातली बहुतेक कॉफी रोबस्टा जातीची. रोबस्टा अरेबिकापेक्षा कडू, तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट, आणि तिथे ती भाजतातही चांगली काळपट होईपर्यंत. उष्ण हवेत ताजं दूध टिकवणं अवघड होतं, म्हणून डब्यातलं आटवलेलं गोड दूध आलं. या कडू कॉफीशी त्याचं असं काही जमलं, की घरोघरी फ्रिज आल्यावरही ते हटलं नाही.

फिनचे भाग चारच. ग्लासवर टेकणारी भोकांची तबकडी, तिच्यावर कॉफीचं भांडं, भांड्याच्या आत भुग्यावर बसणारा भोकांचा दट्ट्या आणि वर झाकण. बऱ्याच फिनमध्ये तबकडी भांड्याला जोडलेलीच असते. दाक्षिणात्य फिल्टर ज्यांच्या घरात आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. पण तिथे डिकॉक्शन खालच्या भांड्यात तासाभरानं, कधी रात्रभरानं उतरलं तरी चालतं. फिनमधली कॉफी पाच मिनिटांत उतरून गरम गरमच प्यायची असते. म्हणून दळण आणि दाब, दोन्हींचं गणित इथे वेगळं आहे.

एका ग्लासाचा हिशेब असा. कॉफी १८ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे. कंडेन्स्ड मिल्क २५ ते ३० ग्रॅम. पाणी एकूण १०० मिलिलिटर, उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबून घेतलेलं. भुगा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ३५-४० मिलिलिटर चोथ्यातच अडकतं आणि ग्लासात उतरते जेमतेम ६० मिलिलिटर कॉफी. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं, एवढीशीच कशी? पण मात्रा बरोबर आहे. दाट दुधाला पेलणारी कॉफी एवढीच आणि एवढीच कडक हवी.

दळण बारीक रव्यापेक्षा किंचित जाड असावं. चिमूट दोन बोटांत चोळली तर कण वेगवेगळे लागले पाहिजेत. पावडर बोटाला चिकटून राहिली तर ती फार बारीक आहे. घरच्या मिक्सरची अडचण ही, की पातं फिरताना काही दाणे तसेच राहतात आणि काहींची पिठी होते. ही पिठीच घात करते. पाण्याबरोबर ती खाली सरकते आणि तबकडीच्या भोकांशी चिखलासारखी बसते. त्यावर साधा उपाय आहे: मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत फिरवायचा, मग भुगा मैद्याच्या चाळणीतून चाळायचा. जे खाली पडेल ते दुसऱ्या कशात वापरावं, वर राहील ते फिनसाठी. आपल्याकडच्या तयार फिल्टर कॉफी पावडरमध्ये बहुधा चिकोरी असते आणि दळणही बारीक असतं, म्हणून ती फिनमध्ये रेंगाळते. बिनचिकोरीची, शक्यतो कोडगूची किंवा वायनाडची रोबस्टा मिळाली तर दुकानदाराकडूनच जाडसर दळून घ्यावी.

आता दाब. फिनमध्ये दट्ट्या आहे म्हटल्यावर हात आपोआप जोर लावतो, आणि बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. कोरडा भुगा भिजला की फुगतो. कोरडा असतानाच दट्ट्या आवळून बसवला, तर फुगायला जागा न मिळालेला भुगा स्वतःच घट्ट होतो आणि पाणी वरच अडतं. म्हणून आधी भांडं दोन-तीनदा हलकेच आपटून भुगा सपाट करायचा, आणि दट्ट्या नुसता वर ठेवायचा. त्याचं स्वतःचं वजन पुरे. दट्ट्या आट्यांवर फिरणारा असेल, तर अडेपर्यंत फिरवून पाव वळसा मागे घ्यायचा. मोकळं सोडलं तरी पंचाईतच असते. भुगा तरंगून दट्ट्याच्या कडेनं वर येतो, पाणी सोपी वाट धरून निसटतं आणि दीड-दोन मिनिटांत फिकट, आंबूस पाणी ग्लासात जमतं.

आधी रिकामं फिन गरम पाण्यानं विसळून घ्यावं, कारण थंड पत्रा पाण्याची उष्णता चटकन शोषून घेतो. मग भुगा, दट्ट्या, आणि त्यावर फक्त २० मिलिलिटर पाणी. आता अर्धा-पाऊण मिनिट काहीही करायचं नाही. या वेळात भुग्यातला वायू बाहेर पडतो, बारीक बुडबुडे येतात, भुगा सगळीकडून सारखा भिजतो. मग उरलेलं ८० मिलिलिटर पाणी हळूच ओतून झाकण ठेवायचं.

यापुढे हात मागे घेऊन खाली बघत राहायचं. थेंब सेकंदाला एक ते दोन पडत असतील आणि पाणी ओतल्यापासून चार ते सहा मिनिटांत गळणं संपत असेल, तर दळण आणि दाब जमले. दोन मिनिटांत संपलं तर पुढच्या वेळी दळण थोडं बारीक करा. आठ मिनिटं झाली तरी वर पाणी साचलेलं असेल, तर दळण जाड करा. त्या दिवसापुरतं दट्ट्या किंचित उचलून सोडला किंवा आटे थोडे सैल केले तरी वाट मोकळी होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दळण, दाब आणि पाणी तिन्ही बदलले, तर काय लागू पडलं ते कळतच नाही. आणि जास्त वेळ म्हणजे जास्त चव, हा समज सोडून द्यावा. सात-आठ मिनिटांनंतर उतरतो तो बहुतेक तुरट कडूपणा, तोही कोमट. थंडीच्या दिवसांत कॉफी गळता गळता निवते. अशा वेळी व्हिएतनाममध्ये ग्लास गरम पाण्याच्या वाडग्यात उभा करतात.

गळणं थांबलं की झाकण उलटं करून टेबलावर ठेवायचं आणि फिन त्यात उतरवायचं. उरलेले थेंब टेबल खराब करत नाहीत. कंडेन्स्ड मिल्क कॉफीपेक्षा जड असतं, म्हणून दोन थर वेगळे दिसतात, वर काळा आणि खाली पांढरा. दिसायला सुरेख, पण तसंच प्यायलं तर आधी नुसतं कडू आणि शेवटी नुसतं गोड. चमचा तळापर्यंत घालून, दूध खरवडून काढत ढवळावं, रंग एकसारखा तपकिरी होईपर्यंत.

बर्फाची हवी असेल तर हे ढवळणं बर्फ घालण्याआधीच झालं पाहिजे. थंडीनं कंडेन्स्ड मिल्क घट्ट होऊन तळाला चिकटतं, मग कितीही ढवळा, ते मिसळत नाही. गरम कॉफीत ते पूर्ण विरघळवून घ्यायचं आणि मगच बर्फानं काठोकाठ भरलेल्या दुसऱ्या ग्लासात ओतायचं. दोन-चार खडे टाकून भागत नाही. ते लगेच वितळतात आणि एवढ्या खटपटीनं जमवलेली कॉफी पाणचट होते.