रोजच्या कुर्त्याचे सणाचे नाव

काठाचा किंवा किंचित जरीचा, तरीही रोज ऑफिसात घालता येईल असा कुर्ता विकणाऱ्या लेबलला नाव देताना पहिली अडचण सणाचीच होते. ‘शाही’, ‘दरबार’, ‘शगुन’ ऐकले की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लग्नाचा मांडव येतो. दिवाळीला माल उठतो, तुळशीची लग्ने लागली की पडून राहतो. मंगळवारच्या मीटिंगला घालायच्या कपड्याच्या नावात सणाची झाक पुरते.

म्हणून ‘कुर्ताघर’सारखे साधे नाव घ्यावे, तर १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ९ आडवे येते. मालाचे नुसते वर्णन करणाऱ्या नावाला सहसा नोंदणी मिळत नाही. दीर्घ वापराने त्याला वेगळी ओळख मिळाली असेल तर गोष्ट निराळी, पण नव्या लेबलकडे तेवढी वर्षे नसतात. ‘पैठणी’ हा शब्द नावात घालण्याचा मोहही आवरावा. ते भौगोलिक मानांकन आहे.

समजा, पुण्यातल्या एका लेबलपुढे तीन नावे आहेत. ‘सणवार’ कानाला गोड, पण दुकानाची पाटी आणि वेबसाइट बहुधा रोमन लिपीत असते. Sanvar मध्ये ‘ण’ हरवतो आणि अमराठी सहकारी ते ‘संवर’ वाचतो. शोधणारा Sanwar, Sanvaar असे काहीही टाइप करतो. नाव फोनवरून चार-पाच जणांना सांगून रोमनमध्ये लिहायला लावले, की हा घोटाळा लगेच दिसतो. ‘बुट्टी’ विणकामातला सुंदर शब्द. पण ऑफिसच्या कपड्यावर ‘बुट्टी’ लिहिणे म्हणजे साहेबांना आयते कोलीत.

तिसरे ‘घडी’. नवा कपडा पहिल्यांदा अंगावर घालणे म्हणजे त्याची घडी मोडणे, त्यामुळे अर्थ चपखल. मात्र Ghadi हे धुण्याच्या पावडरीचे घरोघरी पोचलेले नाव आहे. पावडर वर्ग ३ मध्ये आणि कपडे वर्ग २५ मध्ये येत असले, तरी नावाजलेल्या चिन्हाचा मालक दुसऱ्या वर्गातही हरकत घेऊ शकतो. ‘घडीमोड’ केल्यास अंतर वाढते, धोका पूर्ण जात नाही. इथे वकिलाचा सल्ला स्वस्त पडतो. शिवाय हिंदी गिऱ्हाइकाला त्यात घड्याळच दिसेल. विक्री मुख्यतः मराठी मुलखात असेल तरच ते घ्यावे.

पुढचे काम व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर. तिथे वर्ग २५ मध्ये नाव शब्दाने आणि उच्चारानेही शोधायचे, कारण स्पेलिंग वेगळे पण उच्चार सारखा असला तरी अर्ज अडतो. स्वतःचे दुकान किंवा ऑनलाइन विक्री असेल तर वर्ग ३५ ही पाहावा. एका वर्गाच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. तपासणीत अर्ज टिकला की नाव जर्नलमध्ये छापले जाते आणि हरकतीसाठी चार महिने मिळतात. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण होते. अर्ज केल्यावर लेबलवर TM लिहिता येते. ® मात्र नोंदणी झाल्यावरच, त्याआधी ते छापणे बेकायदेशीर आहे.