‘भर लिया’, ‘भर दिया’ की ‘भर गया’?

एखाद्या कार्यालयात मराठी कर्मचारी वरिष्ठांना हिंदीत सांगतो, ‘मैंने सबके फ़ॉर्म भर लिए।’ त्याच्या मनात असतं, ‘सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले.’ म्हणजे लोकांनी आपापले फॉर्म भरले, याने फक्त पाठपुरावा केला. हिंदीभाषक वरिष्ठांना मात्र कळतं ते असं, की याने बसून सगळ्यांचे फॉर्म स्वतःच भरले. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, म्हणून कुणी टोकत नाही आणि गैरसमज तसाच राहतो. इथे ‘भरवा लिए’ म्हणायला हवं होतं.

हिंदीत मुख्य धातूला लेना, देना, जाना अशी क्रियापदं जोडून संयुक्त क्रिया होते. दुसऱ्या क्रियापदाला व्याकरणात ‘रंजक क्रिया’ म्हणतात, कारण ते मूळ क्रियेला छटा देतं. मराठीतही घेणे, देणे, जाणे, टाकणे अशाच जोडीने येतात, म्हणून आपण शब्दाला शब्द लावतो. पण हिंदीत या जोड्या मराठीपेक्षा कितीतरी जास्त वापरल्या जातात आणि त्यांची छटाही दर वेळी जुळत नाही.

पहिला फरक रूपाचा. आपण ‘करून घेतलं’ म्हणतो, हिंदीत मात्र नुसता धातू येतो: ‘कर लिया’. ‘करून’चं ‘करके’ केलं की ‘खाके लिया’सारखी वाक्यं तयार होतात. प्रमाण हिंदीत ‘खाके’ म्हणजे ‘खाल्ल्यानंतर’, म्हणून ऐकणारा पुढच्या वेगळ्या क्रियेची वाट पाहतो.

आता छटा. ‘लेना’त क्रियेचा ओघ कर्त्याकडे असतो आणि काम हातावेगळं झाल्याचा भाव असतो. ‘मैंने फ़ॉर्म भर लिया’ म्हणजे माझा फॉर्म भरून झाला. ‘देना’त ओघ दुसऱ्याकडे जातो. ‘मैंने उसका फ़ॉर्म भर दिया’ म्हणजे त्याचं काम मी करून दिलं. ‘पता लिख लो’ आणि ‘पता लिख दो’ यांत मराठीतल्या ‘लिहून घ्या’ आणि ‘लिहून द्या’ एवढाच फरक आहे. इथे आपली मराठी कामी येते. ‘लेना’ची आणखी एक छटा मात्र मराठीत नाही. ‘मैं तैर लेता हूँ’ म्हणजे ‘मला बऱ्यापैकी पोहता येतं’.

‘देना’ला पुष्कळदा ‘देणे’पेक्षा ‘टाकणे’ जवळचं पडतं: ‘बता दिया’ म्हणजे सांगून टाकलं. अकर्मक धातूला ते लागलं की क्रिया एकदम झाल्याचं कळतं. ‘वह रो दिया’ म्हणजे त्याला रडू फुटलं, ‘वह चल दिया’ म्हणजे तो चालता झाला.

‘जाना’त जाणं उरतच नाही, उरतो तो स्थितीतला बदल किंवा पूर्णता. ‘फ़ॉर्म भर गया’ म्हणजे फॉर्म भरला गेला. कुणी भरला ते गौण. ‘बैठ जाइए’ म्हणजे नुसतं ‘बसा’. पाहुण्याला मराठीत ‘बसून जा’ म्हटलं तर तो थोडा वेळ बसेल आणि निघेल.

‘ने’चा घोळही इथेच होतो. तो लावायचा की नाही, हे एकट्या मुख्य क्रियापदावरून ठरत नाही. साधारण नियम असा, की भूतकाळात दोन्ही क्रियापदं सकर्मक असतील तरच ‘ने’ येतो. ‘उसने सारे आम खा लिए’, पण ‘वह सारे आम खा गया’. दुसऱ्या वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं: आंबे खाणारी मुलगी असेल तर ‘खा गई’. ‘खाया गया’ म्हटलं की तो कर्मणी प्रयोग होतो, ती वेगळी रचना. तसंच ‘पढ़ दो’ म्हणजे वाचून दाखव, आणि ‘मुझे पढ़ने दो’ म्हणजे मला वाचू दे.

शेवटची खूण नकाराची. ‘फ़ॉर्म भर दिया?’ या प्रश्नाचं नकारार्थी उत्तर ‘नहीं भर दिया’ असं होत नाही, ‘नहीं भरा’ असं होतं. जी क्रिया झालीच नाही, तिच्या पूर्णतेची छटा कुठून येणार? ‘जब तक वह न आ जाए’ यासारख्या वाक्यांत मात्र जोडी टिकते, कारण तिथे क्रिया पूर्ण होण्याचीच वाट पाहिली जाते.

तेव्हा ‘घेणे’ दिसलं की लगेच ‘लेना’ लावू नका. आधी स्वतःला विचारा: काम कुणी केलं आणि ते कुणासाठी होतं? स्वतः, स्वतःसाठी केलं असेल तर ‘लेना’. दुसऱ्यासाठी केलं असेल किंवा करून मोकळे झाला असाल तर ‘देना’. आणि कर्त्यापेक्षा बदललेली स्थिती महत्त्वाची असेल तर ‘जाना’. दुसऱ्याकडून करवून घेतलं असेल, तर आधी धातूच बदला: ‘भर’चा ‘भरवा’.