३.९ स्टारची कंपनी आणि २४ माणसं : नोकरीचे रिव्ह्यू कसे वाचायचे

२०२५ च्या जूनमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अब्बांना घेऊन घरी आली. बी.कॉम. झालेली. पुण्यातल्या एका कंपनीत विम्याचे क्लेम तपासण्याचं बॅक ऑफिसचं काम मिळालं होतं. ऑफर लेटर हातात, उत्तर द्यायला चार दिवस, आणि बापलेकीत दोन दिवस अबोला.

भांडणाचं कारण एकच वेबसाइट होती. कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल जिथे नाव न देता लिहितात, अशी ती साइट. अॅम्बिशनबॉक्स, ग्लासडोअर, इनडीड ही त्यातली आपल्याकडे जास्त चालणारी नावं. मुलीने वर ठळक लिहिलेला आकडा पाहिला होता : ३.९ स्टार. अब्बांनी खाली जाऊन एक ओळ वाचली होती : "पगार वेळेवर देत नाहीत, जाऊ नका." ती म्हणे, "सर, चाराला एवढासा कमी आहे." ते म्हणाले, "सर, पगारच देत नसतील तर पोरीला सोलापूरहून पुण्याला धाडू कशाला?"

दोघांनी तीच साइट वाचली होती आणि दोघांचंही वाचन अर्धवट होतं. मी वही काढली. पुढचा तासभर आम्ही जे केलं ते सविस्तर लिहितो, कारण हल्ली आपल्या बऱ्याच घरांत नोकरीचा निर्णय याच साइट बघून होतो.

पहिला प्रश्न : हा ३.९ किती जणांचा? आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, २४ रिव्ह्यू. कंपनीच्या स्वतःच्या पानावर ९०० च्या वर कर्मचारी असल्याचं लिहिलेलं. मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत." बरोबर, पण खरी अडचण टक्क्यांची नाही. नऊशेतून चिठ्ठ्या टाकून २४ जण निवडले असते तर तेवढ्यांवरूनही बराच अंदाज आला असता. इथे कुणी कुणाला निवडलेलं नाही, ज्याला लिहावंसं वाटलं त्याने लिहिलं. आणि लिहावंसं कुणाला वाटतं? जो चिडून बाहेर पडला त्याला, किंवा जो फार खूश आहे त्याला. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येणारा, महिन्याला पगार घेणारा मधला माणूस लिहायला बसत नाही.

हा नुसता माझा तर्क नाही. ग्लासडोअरवर एक नियम आहे : दुसऱ्यांची माहिती पूर्ण वाचायची असेल तर आधी आपली काही माहिती द्या. या नियमामुळे नाइलाजाने लिहिणारे आणि स्वतःहून लिहिणारे, यांची तुलना इओआना मरिनेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केली. स्वतःहून लिहिणाऱ्यांत एक स्टार आणि पाच स्टार ही दोन टोकं जास्त निघाली. नियमामुळे लिहिणाऱ्यांची मतं मध्याकडे होती. म्हणून कुठल्याही कंपनीच्या पानावर एक आणि पाच भरपूर, दोन-तीन-चार मोजकेच दिसले, तर कंपनी अशीच टोकाची आहे असं लगेच धरू नये. मधले लोक लिहायला आलेच नसतील.

मग आम्ही रिव्ह्यू तारखेप्रमाणे लावले. या साइटवर सर्वात नवे आधी दाखवायची सोय असते. सुरुवातीला जे वर दिसतं ते तारखेनेच लावलेलं असेल असं नाही, म्हणून ते बटण आठवणीने दाबायचं. मुलीला तारखा वहीत उतरवायला सांगितल्या. पाच मिनिटांत ती थांबली. "सर, मार्च २०२४ मध्ये सहा दिवसांत अकरा रिव्ह्यू आहेत. सगळे पाच स्टार." मजकूरही भावाभावांसारखा : वातावरण छान, मॅनेजर सपोर्ट करतात, शिकायला मिळतं. तोटे विचारलेल्या रकान्यात "काही नाही". काय काम केलं, कोणत्या शिफ्टला केलं, याचा एक शब्द नाही.

ते खोटेच होते असं मी म्हणणार नाही. एचआरने नव्या बॅचला ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी "साइटवर दोन शब्द लिहा" असं सांगितलेलं असू शकतं, आणि पोरांनी मनापासूनही लिहिलेलं असेल. पण साहेबाच्या सांगण्यावरून लिहिलेल्या कौतुकाचं वजन किती धरायचं? २०१९ मध्ये अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलने ग्लासडोअरचे आकडे तपासले, तेव्हा ४०० हून जास्त कंपन्यांच्या पानांवर एखाद्याच महिन्यात रिव्ह्यूंची अशी अचानक भर पडलेली सापडली, आणि त्या भरीत पाच स्टारचं प्रमाण जास्त होतं. एरवी महिन्याला एखादा रिव्ह्यू येणाऱ्या पानावर एका आठवड्यात अकरा आले, तर ते अकरा बाजूला काढून उरलेल्यांकडे बघावं.

ते गणित आम्ही केलं. २४ जणांचे मिळून ९३ स्टार, भागिले २४, म्हणजे ३.९. त्यातून अकरा जणांचे ५५ वजा. उरले १३ जण आणि ३८ स्टार. सरासरी २.९. मुलीचा चेहरा पडला आणि अब्बांचा उजळला. मी म्हटलं, "चाचा, थांबा. आता तुमची ओळ बघू."

"पगार वेळेवर देत नाहीत" ही ओळ जून २०२० ची होती. लॉकडाऊनचा महिना. तेव्हा कुठे पगार लांबला नव्हता? लिहिणाराही पुण्याचा नव्हता, कंपनीच्या हैदराबाद ऑफिसमधला होता. त्यानंतरच्या एकाही रिव्ह्यूत पगार थकल्याचा उल्लेख नव्हता. पाच वर्षांपूर्वीची तक्रार खोटी नसते, पण ती त्या वर्षाबद्दल असते. मॅनेजर बदलतो, ऑफिस हलतं, क्लायंट जातो. जुन्या स्तुतीचंही तेच. एकाने २०२१ मध्ये "घरून काम, खूप आराम" म्हणून पाच स्टार दिले होते. आता ऑफिसला रोज जावं लागतं हे ऑफर लेटरमध्येच लिहिलेलं होतं. ते पाच स्टार आपल्या पोरीच्या काय कामाचे?

उरलेल्या १३ मधून आम्ही गाळत गेलो. पाच जण मुंबई आणि हैदराबादचे. आठ पुण्याचे. त्या आठांतले तीन २०२०-२१ चे, दोन सॉफ्टवेअर आणि एचआर विभागातले. शेवटी हिच्यासारखंच क्लेमचं काम, पुण्यात, गेल्या दीड वर्षात केलेले लोक राहिले फक्त तीन. ठिकाण आणि विभाग निवडायची सोय साइटवर असते, पण रिव्ह्यू थोडे असले की हाताने केलेलं बरं, सगळे वाचून होतात.

इथे एक पेच आहे आणि तो टाळता येत नाही. गाळत गेलं की माहिती आपल्या कामाची होते, पण माणसं उरतात तीन. तिघांची सरासरी काढण्यात काही अर्थ नाही. त्यांनी ४, ३ आणि २ स्टार दिले होते, सरासरी ३. चौथा कुणी रागावलेला येऊन १ देऊन गेला तर लगेच २.५. दोनशे रिव्ह्यूंत तोच १ मिसळला असता तर आकडा जागचा हलला नसता. म्हणून इतके थोडे उरले की स्टार विसरायचे आणि शब्द वाचायचे.

तिघांनी जे लिहिलं ते असं. चार स्टारवाली : ट्रेनिंग चांगलं, क्लेमचं काम नीट शिकवतात, शिफ्ट दर महिन्याला बदलते, रात्रीची कॅब उशिरा येते. तीन स्टारवाला : काम ठीक, पण कॅब मेन रोडलाच सोडते, पुढे स्वतः जायचं. दोन स्टारवाला : इन्सेंटिव्हचं टार्गेट महिना अर्धा झाल्यावर बदललं.

इन्सेंटिव्हची तक्रार एकाचीच आहे, ती विचारून घ्यावी एवढीच. कॅबची मात्र दोघांनी लिहिली, सात महिन्यांच्या अंतराने. एकाने खूश असूनही लिहिली. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मूडमध्ये लोक एकाच बारीक गोष्टीवर बोट ठेवतात तेव्हा मला ती खरी वाटते. "टॉक्सिक कल्चर" किंवा "बेस्ट कंपनी" यावरून काहीच कळत नाही. "कॅब मेन रोडला सोडते" हे मात्र तिथे काम केलेलाच लिहील.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पगाराचं सोडा सर, हे जास्त वाईट आहे."

ऑफर लेटरमध्ये शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. दारापर्यंत, मेन रोडपर्यंत नाही. दोन अनोळखी माणसांच्या ओळींवरून कंपनी कायदा मोडते असं मात्र म्हणता येत नाही. त्या ओळींचा उपयोग एवढाच की नेमका काय प्रश्न विचारायचा ते कळलं.

तिने त्याच रात्री एचआरला मेल लिहिला. तीन ओळी. शिफ्ट किती दिवसांनी बदलते? साडेदहाला सुटल्यावर कॅब राहत्या इमारतीपर्यंत येते का? इन्सेंटिव्हचं टार्गेट महिन्याच्या सुरुवातीला लेखी मिळतं का? रिव्ह्यूचा उल्लेख करू नकोस असं मी सांगितलं. तो केला की समोरचा आधी त्या रिव्ह्यूवर खुलासा देत बसतो आणि आपला प्रश्न बाजूला राहतो.

दुसरं काम अब्बांनी केलं. नात्यातल्या एका मुलाच्या ओळखीने त्याच ऑफिसातून चार महिन्यांपूर्वी सुटलेली एक मुलगी फोनवर मिळाली. वीस मिनिटं बोलली. कॅबचं खरं होतं, पण लेखी तक्रार केल्यावर तिच्या रूटची कॅब दारापर्यंत यायला लागली होती. पगार सात तारखेला येतो. टार्गेट खरंच मधे बदलतं, त्यामुळे इन्सेंटिव्ह धरून घरभाड्याचा हिशेब करू नका, असंही तिने सांगितलं. ही गोष्ट त्या चोवीस जणांपैकी एकानेही लिहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी एचआरचं उत्तर आलं. शिफ्ट दर महिन्याला बदलेल, कॅब निवासस्थानापर्यंत असेल. टार्गेटबद्दल उत्तरच नव्हतं. मुलीने तो मेल प्रिंट काढून ऑफर लेटरला लावला, इन्सेंटिव्हचे पैसे हिशेबातून वजा केले आणि नुसत्या पगारात हॉस्टेल, जेवण, सोलापूरचं येणं-जाणं बसतं का ते मांडून बघितलं. बसत होतं, थोडं ओढूनताणून.

जुलैच्या पहिल्या तारखेला ती रुजू झाली. पहिले आठ दिवस अब्बा रात्री अकराला फोन करून कॅब कुठे थांबली ते विचारत होते.